टक्!

आवाज एवढासाच होता. मोबाइलला नोटिफिकेशन येतं ना, तेवढाच. मी आपली हातात बांगड्याचे तुकडे घेऊन उभी, आणि गॅसवर चढवलेल्या नव्याकोऱ्या मडक्यातून लालभडक रस्सा शांतपणे बर्नरवर झिरपायला लागलेला. पाच सेकंदांत आच विझली, दहा सेकंदांत ओटा लाल झाला. आणि बाहेर हॉलमध्ये पेपर वाचत बसलेल्या बाबांनी विचारलं, ‘काय गं, काय पडलं?’

‘काही नाही बाबा!’ मी ओरडले. खरं तर सगळंच पडलं होतं.

बॅकग्राउंड सांगते. आई गेल्यापासून बाबा कोकणात एकटेच असतात. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याकडे मुंबईला दहा दिवस राहायला आले. जे पानात पडेल ते खायचे, तक्रार नाही, कौतुकही नाही. आल्यावर तिसऱ्या दिवशी मात्र सहज बोलून गेले, ‘तुझी आई मडक्यात बांगड्याचं तिखलं करायची बघ. स्टीलच्या टोपात तशी चव नाही येत.’ बस्स. एवढंच. पण दोन वर्षांत त्यांनी कशाची तरी आठवण काढलेली मी पहिल्यांदा ऐकत होते. म्हटलं, हे तर करायचंच!

माझं ऑफिस बीकेसीत. धारावीचा कुंभारवाडा तिथून जवळच. शनिवारी जाऊन हंडीच्या आकाराचं दोन लिटरचं मस्त मडकं घेतलं. रविवारी सकाळी नळाखाली खळखळून धुतलं, ओलंच मोठ्या बर्नरवर चढवलं, आच फुल्ल. तेल घातलं, लसणीची फोडणी केली, वाटण परतलं, थोडं पाणी घातलं आणि मॅरिनेट करून फ्रिजमध्ये ठेवलेले बांगडे काढून एकेक सोडायला लागले. दुसऱ्या तुकड्याला टक्!

बाबांना त्या दिवशी वरणभात आणि अंड्याची पोळी खावी लागली. काही बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं.

दुपारी वेंगुर्ल्याच्या आत्याला फोन लावला. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, वय ऐंशीच्या जवळ, आणि तिच्या स्वयंपाकघरात आजही मासे शिजतात ते मातीतच. मी घडलेला प्रकार सांगितला. पलीकडे आधी शांतता. मग, ‘अगो बाये, कोऱ्या मडक्यात फोडणी कोण घालता?’

तिनं मला व्हिडिओ कॉलवर फुटकं मडकं दाखवायला लावलं. तडा तळाच्या मधोमध होता, चांदणीसारखा तीन बाजूंना फाकलेला. तो बघून तिचं निदान झालं. ‘तापल्या तळार थंड मासो घातलंस.’ जर काठापासून खाली उभी चीर गेली असती तर ती म्हणाली असती की आच मोठी होती, तळ तापला आणि काठ गारच राहिला. आणि बाहेरून गोल टवका उडाला असता तर मातीत पाणी अडकलं होतं आणि त्याची वाफ झाली. म्हणजे मडकं फुटतं कसं यावरून ते का फुटलं ते कळतं! आमच्या ऑफिसात सर्व्हर बंद पडल्यावर एवढं नेमकं कारण कुणी सांगत नाही.

मी इंजिनीअर असल्याची मला त्या क्षणी थोडी लाज वाटली. कारण यातला फंडा आम्ही पहिल्या वर्षाला शिकलो होतो. तापलं की वस्तू प्रसरण पावते. धातूतून उष्णता भराभर पसरते, म्हणून स्टीलचा टोप साधारण सगळीकडून बरोबरच तापतो. माती मात्र उष्णता हळूहळू पुढे सरकवते. त्यामुळे एक भाग फुगलेला आणि शेजारचा आहे तसाच, अशी ओढाताण सुरू होते. भाजलेली माती दाब बऱ्यापैकी सोसते, ताण सोसत नाही. तापलेल्या तळावर फ्रिजमधला मासा पडला की आतला पृष्ठभाग एकदम आकसू बघतो, पण त्याच्या खालची गरम माती त्याला आकसू देत नाही. पृष्ठभाग ताणला जातो आणि तडकतो. थोडक्यात काय, तर मडकं उष्णतेनं फुटत नाही. भट्टीत ते गॅसवर होईल त्याच्या कितीतरी पट तापून आलेलं असतं. ते फुटतं फरकानं. एका जागी गरम, दुसऱ्या जागी गार, आणि तेही अचानक.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत.

बाबा पुढच्या सोमवारी सकाळच्या गाडीनं जाणार होते. म्हणजे डेडलाइन रविवार दुपार. आत्याला विचारलं, ‘जमेल?’ ती म्हणाली, ‘उद्याच मडक्या आणलंस तर जमात. पण मधी घाई करू नको.’

सोमवारी ऑफिस सुटल्यावर परत कुंभारवाडा. या वेळी मी वेगळी गिऱ्हाईक होते. सगळ्यात देखणं, जाडजूड मडकं बाजूला ठेवलं. आत्यानं बजावलं होतं की जाड म्हणजे मजबूत असं नसतं. भिंत जेवढी जाड तेवढा आतल्या आणि बाहेरच्या तापमानातला फरक जास्त. स्वयंपाकाचं मडकं पातळ, सगळीकडे सारख्या जाडीचं आणि तळाला गोलाकार हवं. कोपरा असला की ताण तिथेच साठतो. चकचकीत रंग किंवा लकाकी दिलेली भांडी शोभेची, त्यांच्यात शिजवायचं नाही. त्या रंगात काय आहे हे आपल्याला कळत नाही आणि शिसं असलं तर आंबट रश्शात ते उतरू शकतं. पिण्याच्या पाण्याचा माठही चालत नाही. तो मुद्दाम झिरपावा म्हणून केलेला असतो. दुकानदाराला स्पष्ट सांगायचं, ‘गॅसवर ठेवायचंय.’

मग टिचकी. मडकं एका हाताच्या तळव्यावर तोलून धरायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं वाजवायचं. खणखणीत, थोडा वेळ घुमणारा आवाज आला तर चांगलं. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे, मग ती डोळ्याला दिसो न दिसो. मी सात मडकी वाजवली. दोन बद्द निघाली. दुकानातल्या काकांनी काही न बोलता ती उचलून मागे ठेवली आणि माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. सॉल्लिड वाटलं!

घरी आल्यावर मडकं किचनच्या वजनकाट्यावर ठेवलं. (आत्याचा याच्याशी संबंध नाही, हा माझा स्वतःचा किडा.) ११८० ग्रॅम. मग आतबाहेर नुसत्या पाण्यानं आणि काथ्यानं धुतलं. साबण अजिबात नाही, कारण माती तो पिऊन टाकते आणि पुढच्या आमटीत परत देते. मोठ्या बादलीत पाणी भरून मडकं पूर्ण बुडवलं. आणि अहो, ते चक्क श्वास सोडायला लागलं! बारीक बुडबुड्यांच्या माळा, कितीतरी वेळ. बाबा स्टूल ओढून बादलीपाशी बसले. ‘आई परसातल्या डोणीत टाकायची,’ म्हणाले.

ते बुडबुडे म्हणजे मातीच्या छिद्रांतली हवा. कच्च्या मडक्याची भिंत म्हणजे दगडासारखी गच्च वस्तू नाही, ती अतिशय बारीक स्पंज आहे. पाणी आत शिरतं तशी हवा बाहेर पडते आणि बरोबर भट्टीची राख, धूळही सुटते. मंगळवारी रात्री, म्हणजे साधारण चोवीस तासांनी मडकं बाहेर काढलं. वजन १३२० ग्रॅम. म्हणजे जवळजवळ पाऊण कप पाणी या भिंतींनी पिऊन टाकलं होतं.

आता इथेच अनेक जण फसतात. भिजवायचं असतं एवढं ऐकलेलं असतं, म्हणून भिजवतात आणि ओलंच गॅसवर ठेवतात. त्या पाऊण कप पाण्याला खालून एकदम मोठी आच लागली तर आतल्या आत वाफ होते, छिद्रांतून बाहेर पडायला तिला वेळ मिळत नाही आणि ती टवका उडवून वाट करून घेते. गावाकडे चुलीच्या मंद निखाऱ्यावर ओलं मडकंही निभावतं, कारण तिथे वाफेला सवड मिळते. आपल्या गॅसला सवड हा प्रकार माहीत नाही. म्हणून भिजवल्यावर पूर्ण वाळवायचं.

पण कडक उन्हात नाही. एक बाजू वाळली, दुसरी ओली, की परत फरक आलाच. बाल्कनीत सावलीत, वारा लागेल अशा जागी दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवलं आणि अधूनमधून फिरवत राहिलो. राहिलो म्हणजे बाबा राहिले. मी ऑफिसात होते. दुपारी त्यांचा मेसेज, ‘उलटं केलं.’ चारला पुन्हा, ‘सरळ केलं.’ मीटिंगमध्ये हसू आलं मला.

बुधवारी रात्री काटा १२१५ दाखवत होता. दिसायला मडकं अगदी कोरडं. बाबांनी ते गालाला लावलं आणि म्हणाले, ‘तळ अजून गार लागतोय.’ बरोबर! आत पाणी असलं की ते उडत राहतं आणि माती गार लागते. ज्यांच्याकडे काटा नाही त्यांनी गाल वापरावा. गुरुवारी रात्री ११८५. गालालाही गार नाही. सुटलो.

आता मुख्य काम, पेज. मडक्यात पाऊण उंचीपर्यंत साधं, गार पाणी भरायचं, त्यात दोन मुठी तांदूळ. आत्यानं उकडे सांगितले होते, माझ्याकडे रोजचेच होते, तेही चालले. शेगडीच्या सगळ्यात छोट्या बर्नरवर जुना लोखंडी तवा, तव्यावर मडकं, आणि मगच गॅस, एकदम सिमवर. तवा तापवून त्यावर मडकं ठेवायचं नाही, दोघांनी बरोबरच तापायचं. तव्याचं काम एवढंच की ज्वाळेची जीभ तळाच्या एकाच ठिकाणी लागू नये, आच पसरून मिळावी. पहिली दहा मिनिटं सिम, मग किंचित वाढवायची, पण ज्वाळा तव्याच्या बाहेर येऊन मडक्याच्या कडा चाटता कामा नये. उकळी यायला माझ्याकडे तब्बल पस्तीस मिनिटं लागली. एवढा उशीर म्हणजे काहीतरी चुकतंय असं वाटतं. नाही चुकत. तसंच हवं. उकळी आल्यावर मंद आचेवर आणखी पाऊण तास.

विसाव्या मिनिटाला बाहेरच्या भिंतीवर ओलसर डाग उमटले. माझ्या पोटात गोळा! लगेच आत्याला फोन. ‘गळता की घामेजता?’ तिनं विचारलं. पाणी थेंब थेंब एकाच रेषेतून येत असेल तर ती चीर, मडकं गेलं. नुसता घाम आल्यासारखी ओल जागोजागी दिसत असेल तर ती उघडी छिद्रं, आणि ती बुजवण्यासाठीच तर पेज. तांदळातला स्टार्च गरम पाण्यात फुगतो, खळीसारखा होतो, छिद्रांत शिरतो आणि वाळला की तिथेच बसतो. कॉटनच्या साडीला खळ घालतात ना, तसंच. आमच्या मडक्याला घामच होता. पेज घट्ट होत गेली तसा तो कमी झाला.

गॅस बंद करून मडकं तसंच तव्यावर रात्रभर ठेवलं, पेजेसकट. रिकामं करून लगेच धुणं म्हणजे पुन्हा तेच गरम-गारचं लफडं. शुक्रवारी सकाळी पेज ओतली (थोडी गढूळ, मातकट वासाची, ही पहिली पेज प्यायची नाही), कोमट पाण्यानं धुतलं, दिवसभर वाळवलं आणि रात्री पुन्हा तीच कृती. दुसऱ्या खेपेला बाहेर एकही डाग नाही. शनिवारी सकाळी धुऊन, दुपारपर्यंत वाळवून, आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. झालं मडकं तयार.

एक गोष्ट मात्र इथेच सांगते. पेजेनं छिद्रं बुजतात, माती बळकट होत नाही. आधीपासूनची चीर त्यानं सांधत नाही आणि तयार केलेलं मडकंही अचानक गारठा बसला तर फुटायचं ते फुटतंच. म्हणजे आपण वागणं सुधारायचं असतं. मडकं आहे तसंच असतं.

रविवार उजाडला. मी आत्याला विचारलं, फोडणी वेगळ्या कढल्यात करून वरून ओतू का? तर आत्या हसायलाच लागली. ‘तिखल्याक फोडणी असता काय?’

आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली. तिखल्यात फोडणी नाहीच! मी पहिल्या रविवारी जे करत होते ते तिखलं नव्हतंच, ती कुठली तरी हॉटेलवाली फिश करी होती. आईच्या पद्धतीत सगळं गार मडक्यातच सुरू होतं. लाल मिरचीचं वाटण, हळद, मीठ, बिया काढून ठेचलेली आठ-दहा तिरफळं, पाच-सहा आमसुलं, वाटीभर पाणी. हे हातानं कालवायचं, त्यात चार बांगड्यांचे तुकडे लावायचे, वरून खोबरेल तेल सोडायचं आणि मगच मडकं आचेवर. मासा आणि मडकं दोघंही एकत्र, हळूहळू तापतात. फरकाला जागाच नाही. ही रेसिपी कुणीतरी मडक्याचा स्वभाव ओळखूनच बसवली असणार. स्टीलच्या टोपाच्या सवयीनं आपण ती उलटी केली आणि दोष मात्र मातीला दिला.

तवा, छोटा बर्नर, सिम. वीस-बावीस मिनिटांनी कडेनं बुडबुडे यायला लागले. ढवळायला चमचा नाही, फडक्यानं काठ धरून मडकं हलकेच हलवायचं. उकळीनंतर आठ मिनिटांतच गॅस बंद केला, कारण माती उशिरा तापते तशी उशिरा निवते. बंद केल्यावरही पाच मिनिटं रस्सा रटरटत होता आणि उरलेला मासा त्यातच शिजला. मग उचलून ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘थांब.’ ओटा नुकताच पुसलेला, गार आणि ओला. त्यांनी जुन्या पंचाची गोल चुंबळ करून टेबलावर ठेवली. मडकं तिच्यात अलगद बसलं. चुंबळ वळायची त्यांच्या हातांना सवय होती हे दिसतच होतं. आईसाठी हे काम तेच करत असणार. मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

बाबांनी पहिला घास घेतला. मी श्वास रोखून बसलेली. बराच वेळ काही बोलले नाहीत. भात परत वाढून घेतला. मग म्हणाले, ‘मीठ जरा कमी आहे.’

आईला ते दर वेळी हेच म्हणायचे. एकही जेवण चुकवलं नव्हतं त्यांनी. मी मीठ पुढे केलं आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले.

या गोष्टीला आता चार महिने झाले. मडकं शाबूत आहे. खालून काळं झालंय आणि आतून छान तुळतुळीत. ते फक्त माशांचं, कारण मातीत वास राहतो. त्यात खीर केली तर तिरफळाची खीर होईल. धुताना गरम पाणी, काथ्या आणि फार तेलकट असेल तर चमचाभर बेसन. तेही मडकं पूर्ण निवल्यावर. धुतल्यावर लगेच कपाटात नाही, पावसाळ्यात एकदा घाई केली आणि आत पांढरी बुरशी आली. मग पाणी उकळून, घासून दोन दिवस वाळवावं लागलं. महिनाभर वापरलं नसेल तर पुन्हा एकदा पेज करून घेते. आणि हो, इंडक्शन शेगडीवर हे होत नाही, माती तिथे तापतच नाही. पीजीत राहणाऱ्यांनी आधी गॅसवाली मैत्रीण शोधावी.

बाबा सोमवारी निघाले तेव्हा बाल्कनीत काहीतरी खुडबुड करत होते. ते गेल्यावर बघितलं. पहिल्या मडक्याच्या खापऱ्या मी पिशवीत भरून ठेवल्या होत्या, फेकायच्या म्हणून. त्यातली एक, चांदणीच्या तड्याची, त्यांनी कढीपत्त्याच्या नव्या कुंडीच्या तळाशी भोकावर घातली होती, माती वाहून जाऊ नये म्हणून. रोप छोटंसंच आहे. गेल्या आठवड्यात फोनवर विचारत होते, ‘पानं धरलीत का?’

धरलीत, बाबा. पुढच्या वेळी याल तेव्हा मीठ मी आधीच जास्त घालेन. तरी तुम्ही कमीच म्हणाल.